नारिंगी पॅच कॉर्ड, सात महिन्यांनंतर: रंग बरोबर, कॉर्ड चुकीची

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत ऑफिस ते मोल्डिंग शेड अशी १८० मीटर जुनी मल्टीमोड फायबर आहे. शेडकडची पॅच कॉर्ड, म्हणजे केबल स्विचला जोडणारी छोटी वायर, उंदराने कुरतडली म्हणून खडेबाजारातून दोन आणल्या, एक लावायला आणि एक राखीव. एलसी-एससी टोकांची, डुप्लेक्स, तीन मीटर. जुनी नारिंगी होती म्हणून नारिंगीच मागितली. दुकानातला पोरगा म्हणाला, "ऑरेंज ते ऑरेंजच की हो, त्यात काय बघायचं?" इतर ठिकाणापेक्षा साठ रुपये स्वस्त, म्हणून मीही बघितलं नाही.

लावताच १ जीबीचा लिंक आला. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाच तारे दिले असते. वायर मऊ, कनेक्टर घट्ट, बूट मजबूत, आणि ते आजही तसंच म्हणतो.

तीन महिन्यांनी शेडमधून सुपरवायझरचा फोन, "साहेब, कॅमेरं गेल्यात बघा." गेलो तर लिंक येतोय, जातोय. टोकं पुसली की ठीक, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. वाळूच्या धुळीवर खापर फोडलं, मग स्विचमधला उजेड पाठवणारा-घेणारा एसएफपी बदलला, त्यात माझे साठ रुपये कितीतरी पटीने वसूल झाले. दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्याही घातल्या.

शेवटी दोन्ही स्विचवर `Rx Power`, म्हणजे पोचणाऱ्या उजेडाचं माप, बघितलं. टोकं नुकतीच पुसलेली असताना ऑफिसकडे −६.८ डीबीएम, आणि शेडकडे −११.३. एसएफपी दोन्हीकडे सारखे, केबल तीच, तरी उजेड एकाच बाजूला साडेचार डेसिबलने कमी. आमच्या एसएफपीची ऐकण्याची मर्यादा −१७ आहे, म्हणजे स्वच्छ टोकांवर चालणारच. पण धूळ बसून आणखी सहा डेसिबल गेले की कॅमेरे बंद. धूळ खरी होती, पण गळती तिच्या आधीपासूनच होती.

मोबाईलच्या टॉर्चमध्ये कॉर्ड फिरवून बघितली. नारिंगी सालीवर बारीक अक्षरात छापलेलं: ५०/१२५. मग पॅनलमागची जुनी केबल बघितली: ६२.५/१२५. बाहेरचा काचेचा व्यास दोन्हींचा १२५ मायक्रॉनच, म्हणून कनेक्टर मुकाट बसतो. फरक आतल्या, उजेड वाहणाऱ्या गाभ्यात. ६२.५ म्हणजे ओएम१, ५० म्हणजे ओएम२, आणि जुन्या पद्धतीत दोन्हींना नारिंगीच साल! रंग एवढंच सांगतो की कॉर्ड मल्टीमोड आहे.

आता एकाच बाजूला का? ऑफिसकडे जुनी ६२.५ची कॉर्ड शाबूत होती. शेडमधून जाणारा उजेड ५० मधून ६२.५ मध्ये शिरतो, बारीक नळीतून जाड नळीत, सांडत नाही. शेडकडे येणारा मात्र जाड नळीतून बारीक नळीत. गाभ्याच्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर ५०चा गाभा ६२.५च्या फक्त ६४ टक्के, शिवाय तो तिरका येणारा उजेडही कमी घेतो. उजेडाने गाभा पूर्ण भरला असेल तर कागदावर पावणेपाच डेसिबलपर्यंत जातात. माझे साडेचार तिथेच गेले.

दुकानात परत गेलो, तर पोरगा म्हणाला, "मग ॲक्वा घ्या की, ओएम३, भारी असतंय." इथे मी जवळजवळ फसलो. ॲक्वा म्हणजे ओएम३ किंवा ओएम४, प्रत भारी खरी, पण गाभा ५०च! जास्त पैसे देऊन तेवढीच गळती विकत घेतली असती. आणि पिवळी? ती सिंगलमोड, गाभा जेमतेम ९ मायक्रॉन. आपल्या घरच्या इंटरनेटची, हिरव्या टोकाची, तीच. ती इथे लावली असती तर लिंक आलाच नसता, आणि एका अर्थी बरं झालं असतं, पहिल्याच दिवशी कळलं असतं.

६२.५ची कॉर्ड आता बाजारात सहज मिळत नाही. चिकोडीकडच्या एका ओळखीच्या कारखान्यात जुनी केबल काढून पिवळी टाकली होती, तिथल्या भंगारातून दोन आणल्या. स्पिरिटने टोकं पुसली, लावली, शेडकडे −७.२ आले. गंमत म्हणजे नारिंगी काढून नारिंगीच लावली, त्यामुळे सुपरवायझरला वाटतंय साहेबांनी काहीच केलं नाही.

चार महिने झाले, टोकं एकदाच पुसली. कॉर्डला चार तारे, एक कापला तो पाकिटावर नुसतं 'मल्टीमोड, ऑरेंज' लिहिल्याबद्दल; त्यांनी ५०/१२५ छापलं असतं तर एसएफपीचे पैसे वाचले असते. त्या दोन्ही कॉर्ड धड आहेत, पडून आहेत. कुणाची केबल ५०ची असेल तर घ्या, दोन्हींचे मिळून साठ रुपये कमी करतो.