शिवाजी पेठेतलं घर: हक्कसोड, वाटणीपत्र की दावा?

एक उदाहरण धरू. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तळमजला आणि वर माडी असं घर, दर्शनी रुंदी १८ फूट. वडिलांनी स्वकमाईतून घेतलेलं, मृत्युपत्र न करता ते गेले. मागे आई, थोरला, धाकटा आणि इचलकरंजीला दिलेली बहीण. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे चौघांचा वाटा सारखा, प्रत्येकी एक चतुर्थांश. बहिणीचं लग्न झालं म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. (घर वडिलोपार्जित असतं तर हिशोब वेगळा झाला असता.)

घराची किंमत ८० लाख धरली तर प्रत्येकाचे २० लाख.

सर्वांत सोपी वाट म्हणजे हक्कसोडपत्र, आणि म्हणूनच ते घाईत होतं. बहिणीनं सही केली की तिचे २० लाख गेले. ते कुणाला मिळतात, हे कागदावर ज्याच्या लाभात लिहिलंय त्यावर ठरतं. थोरल्याच्या एकट्याच्या नावे सोडलं तर त्याचा वाटा अर्धा होतो, तिघांच्या नावे सोडलं तर प्रत्येकी एक तृतीयांश. तिला खरोखर नको असेल तरच हे करावं. "नंतर बघू, आधी सही कर" हे ऐकलं तर थांबावं.

माझा कौल वाटणीपत्राला आहे, कारण त्यात सरस-निरस, म्हणजे कुठला भाग जास्त किमतीचा आणि कुठला कमी, हे बघता येतं. समजा तळमजला ५० लाखांचा आणि माडी ३० लाखांची. आई आणि थोरल्याचे मिळून हक्काचे ४० लाख होतात, ते तळमजला घेतात. धाकट्याचे २० आहेत, तो माडी घेतो. म्हणजे दोन्हीकडे १० लाख जास्त जातात. ते १०-१० लाख बहिणीला रोख दिले की तिचे २० पूर्ण. तळमजल्याचे १० लाख एकट्या थोरल्यानं दिले असतील, तर तिथं आईचा वाटा दोन पंचमांश आणि त्याचा तीन पंचमांश, असं स्पष्ट लिहावं. आईनं मृत्युपत्र केलं नाही तर तिचा भाग पुढं तिन्ही मुलांत सारखा वाटला जातो. तो सांभाळणाऱ्याला आपोआप मिळत नाही.

जिना, गच्ची, पाण्याचं मीटर, ड्रेनेज सामाईक की कुणाचं, हेही त्याच कागदात हवं. माड्यांची भांडणं बहुतेक जिन्यावरून लागतात.

कुणीच ऐकत नसेल तर दिवाणी दावा. न्यायालय आधी वाटे ठरवतं, मग कोर्ट कमिशनर घर मोजतो. १८ फुटांचे चार भाग केले तर साडेचार फुटांच्या पट्ट्या पडतात. असं विभाजन परवडणारं नसेल आणि मिळून निम्मा वाटा असलेल्यांनी मागणी केली, तर १८९३ च्या विभाजन कायद्यानं विक्रीचा आदेश होऊ शकतो. धाकटा आणि बहीण मिळून निम्मे भरतात. मात्र अशी मागणी झाली की थोरला न्यायालयानं ठरवलेल्या किमतीला त्यांचे वाटे स्वतः घेऊ शकतो.

हक्कसोड असो वा वाटणीपत्र, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवीच. त्यानंतर नगर भूमापन कार्यालयात प्रॉपर्टी कार्डावर फेरफार करून घ्यावा.