लाल-हिरव्यात गल्लत होत असेल तर: व्हॅलोरंट की काउंटर-स्ट्राइक २?

दोन्ही गेम फुकट खेळता येतात, दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत आणि दोन्हींत पाचाविरुद्ध पाच अशीच लढत असते. ज्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत, त्याने निवड करताना एकच गोष्ट आधी पाहावी: समोर आलेला शत्रू गेम त्याच्या डोळ्यांपुढे कसा उठावदार करतो. या दोघांची उत्तरं अगदी वेगळी आहेत. व्हॅलोरंट रंगाने वेगळेपण दाखवतो, काउंटर-स्ट्राइक २ उजेड-अंधाराने.

व्हॅलोरंटमध्ये शत्रूच्या अंगाभोवती रंगीत कड असते. ती मुळात लाल असते, आणि तीच पंचाईत. तपकिरी भिंतीसमोर ही लाल कड अनेकांना भिंतीतच विरघळल्यासारखी दिसते; ज्यांना लाल रंगच काळपट दिसतो, त्यांना तर सावलीतला शत्रू जवळपास कडेविनाच दिसतो. उपाय सेटिंगमध्येच आहे. Enemy Highlight Color मध्ये पिवळा किंवा जांभळा निवडता येतो. यात बदलतो तो शत्रूचा रंग. अख्ख्या चित्रावर फिल्टर चढवला की भिंती, आकाश, धूर सगळंच सरकतं आणि फरक पुन्हा पुसट होतो; इथे तसं होत नाही. म्हणूनच नजर उत्तम असलेले कित्येक खेळाडूही पिवळी कड वापरतात.

पण पिवळा सगळीकडे चालेलच असं नाही. बाइंड या मोरोक्कोतल्या मॅपवर उन्हात तापलेल्या वाळूच्या रंगाच्या भिंती आहेत. तिथे पिवळी कड जरा दबते, तर जांभळी कड लाल-हिरव्याची अडचण असणाऱ्याला निळसर दिसते आणि उलट जास्त उठून येते. मी तरी आधी जांभळाच लावून पाहायला सांगेन, त्या पर्यायापुढे कुठल्याही प्रकारच्या रंगांधत्वाचं नाव लिहिलेलं असो. दोन्ही रंग सराव मैदानात नाही, खऱ्या मॅचमध्ये तपासा. धूर आणि पात्रांच्या खास क्षमतांच्या झगमगाटात कड टिकते का, हे तिथेच कळतं.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये शत्रूला कड नाही. शत्रू ओळखायचा तो कपडे, अंगलट आणि हालचालीवरून, आणि सोबत्याच्या डोक्यावर दिसणाऱ्या खुणेवरून. ऐकायला हे रंगांध माणसाच्या विरोधात वाटतं, पण व्हिडिओ सेटिंगमधलं Boost Player Contrast चालू केलं की अंधाऱ्या कोपऱ्यातली आकृती पार्श्वभूमीपासून सुटी होते. हा फरक उजळपणाचा असल्यामुळे रंग कसेही दिसोत, त्याचा उपयोग होतो. रंगाचा खरा त्रास होतो तो रडारवर. सोबत्यांना निळा, हिरवा, पिवळा, केशरी, जांभळा असे रंग दिलेले असतात. हिरवा, पिवळा आणि केशरी या तिघांची सरमिसळ ठरलेली. तिथे रंगासोबत अक्षरं दाखवण्याचा पर्याय लगेच चालू करावा.

नेमाचं चिन्हही हाताने बदला. मूळ हिरवं चिन्ह मिराज या मॅपच्या पिवळट-तपकिरी भिंतींवर हरवतं. कन्सोलमध्ये हे टाका:

```
cl_crosshaircolor 5
cl_crosshaircolor_r 0
cl_crosshaircolor_g 255
cl_crosshaircolor_b 255
cl_crosshair_drawoutline 1
```

हा आकाशी रंग लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या डोळ्याला फिकट, राखाडीकडे झुकलेला दिसू शकतो. तपकिरीवर तो उजळपणामुळे उठतो, पांढऱ्या भिंतीवर मात्र नाही. शेवटच्या ओळीतली काळी किनार त्यासाठीच आहे. व्हॅलोरंटमध्येही चिन्हाला अशीच किनार देता येते.

आता घाईतलं वाचन. गोळीबारात नजर मधल्या चिन्हावर खिळलेली असते आणि काठावरचे आकडे धूसर होतात. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये `safezonex` आणि `safezoney` यांची किंमत १ पेक्षा कमी केली की काठावरची माहिती मध्याकडे सरकते. मोठ्या मॉनिटरवर हे फार मोलाचं आहे. बॉम्ब लावल्यावर मात्र दोन्ही गेम बरोबर वागतात. वर घड्याळाऐवजी बॉम्बचं चिन्ह येतं आणि वाढत्या वेगाने बीप वाजतात. व्हॅलोरंटमध्ये ४५ सेकंद, इकडे ४०. वेळेचा अंदाज कानाने घेता येतो, रंगावर काहीच अडत नाही.

शंका असेल तर दोन्ही गेमची एकेक क्लिप रेकॉर्ड करून विंडोजच्या रंग-फिल्टरमधून करड्या छटांत पाहा. करड्या चित्रात शत्रू शोधायला थांबावं लागलं, तर तिथे तुमची सगळी भिस्त रंगावर आहे.

माझा कौल असा: लाल-हिरव्याची गल्लत असेल, निळा नीट दिसत असेल आणि सेटिंगमध्ये फार शिरायचं नसेल, तर व्हॅलोरंट घ्या, जांभळी कड लावा. रंगांवर अजिबातच विसंबता येत नसेल किंवा क्षमतांच्या झगमगाटाने डोळे थकत असतील, तर काउंटर-स्ट्राइक २ घ्या. त्यात सुरुवातीची जुळवाजुळव जास्त आहे, पण पुढे धूर आणि आग सोडली तर स्क्रीन बरीच मोकळी राहते.