‘पीओ होतोच आहे, तुम्ही काम सुरू करा’

भोसरीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ, हातात नसताना काम सुरू केलं आणि त्यात माझी फसवणूक झाली. तशी ती कुणाचीही होऊ शकते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

एका कंपनीच्या प्रॉडक्शन मॅनेजरचा फोन आला. लाइनवर पार्ट ने-आण करायला १२ ट्रॉल्या हव्यात, घाई आहे. मी नगाला १८,५०० आणि जीएसटी वेगळा असा दर सांगितला. ‘दर ठीक आहे, पीओ होतोच आहे, तुम्ही काम सुरू करा’ असं म्हणून त्यांनी ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्याच कंपनीची दोन कामं आधी केली होती, पैसे वेळेवर मिळाले होते. मी त्याच दिवशी पाइप मागवला.

मार्चमध्ये माल पोचवला. डिलिव्हरी चलनावर गेटवरच्या वॉचमनचा इनवर्डचा निळा शिक्का बसला आणि मला वाटलं, काम झालं. बिल टाकलं. पंधरा दिवसांनी विचारलं तेव्हा स्टोअरवाला म्हणाला, ‘जीआरएन झालेलाच नाही. पीओ नंबर टाकल्याशिवाय सिस्टिममध्ये जीआरएनचं पानच उघडत नाही.’ जीआरएन म्हणजे माल स्वीकारल्याची स्टोअरची नोंद. अकाउंट्सवाले पीओ, जीआरएन आणि बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सोडत नाहीत. गेटचा शिक्का गाडी आत गेल्याचं सांगतो. माल कंपनीने स्वीकारला, असं तो सांगत नाही.

परचेस खात्यात गेलो तेव्हा खरं कळलं. त्या मॅनेजरने ट्रॉल्यांची मागणीच सिस्टिममध्ये टाकलेली नव्हती, बजेट मंजूर नव्हतं. म्हणजे ‘होतोच आहे’ म्हणाले तेव्हा पीओच्या वाटेवर एक कागदही हललेला नव्हता, आणि हे त्यांना माहीत होतं. तोपर्यंत ते नोकरी सोडून गेले होते.

त्यात आणखी एक गोष्ट निघाली. मी नायलॉनची चाकं लावली होती, त्यांना पीयूची म्हणजे पॉलियुरेथेनची हवी होती. शॉपच्या फ्लोअरच्या पेंटवर नायलॉनच्या चाकांचे ओरखडे उठले होते, ते मी स्वतः पाहिले. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन निघाली होती आणि मला जुनीच आली होती. परचेसचे साहेब म्हणाले, ‘पीओवर रिव्हिजन नंबर असता तर मी माल हक्काने परत केला असता किंवा तुम्ही हक्काने पैसे मागितले असते. आता दोघांच्याही हातात काही नाही.’ ते बरोबर बोलत होते. पीओ फक्त आपल्यासाठी असतो असं मी समजत होतो. पण दर नंतर वाढणार नाही, माल कुठल्या तारखेला येईल, चुकीचा आला तर कशाच्या आधारावर नाकारायचा, ऑडिटरने विचारलं तर काय दाखवायचं, हे सगळं ग्राहकालाही त्याच कागदातून मिळतं.

बिल २,२२,००० चं, त्यावर १८ टक्क्यांनी ३९,९६० जीएसटी. बिल रिटर्नमध्ये दाखवलेलं असल्याने तो कर एप्रिलच्या २० तारखेपर्यंत मी खिशातून भरला. छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी असलेल्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करायला बसलो, तर अर्जासोबत वर्क ऑर्डर आणि बिल मागितलं. माझ्याकडे बिल होतं. तोंडी करारही कायद्यात करारच असतो, पण दर, नग आणि ‘हो’ म्हणणाऱ्याचा अधिकार हे सगळं सिद्ध मी करायचं. आठ महिन्यांनी ११,००० प्रमाणे तडजोड केली, फरकाची क्रेडिट नोट दिली. १,३२,००० आले. मटेरिअल आणि पावडर कोटिंगलाच १,२८,००० गेले होते.

आता फोनवर काम आलं की मी असा मेसेज टाकतो: ‘साहेब, काम नक्की करतो. पीओ आला की त्याच दिवशी मटेरिअल उचलतो. त्यात ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर टाकून घ्या, म्हणजे तुम्हाला हवं तेच बनेल.’ खरं काम असणाऱ्याला याचा राग येत नाही. उलट परचेसवाले खूश होतात, कारण मागून पीओ बनवायचा त्रास त्यांनाच होतो. खरोखर घाई असेल तर परचेसकडून कंपनीच्या मेलवर नग, दर आणि ‘काम रद्द केल्यास मटेरिअलचे पैसे देऊ’ एवढं लिहून घेतो. मेल परचेसकडूनच आला पाहिजे, मागणी करणाऱ्या खात्याकडून आलेला चालत नाही.

पीओ आला की वाचायचाही असतो. गेल्या महिन्यात एकात ‘पेमेंट जीआरएनपासून ९० दिवस’ होतं. माझी उद्यम नोंदणी आहे आणि २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करारातही ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही. मी फोन करून सांगितलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी सुधारून पाठवला. पाइप त्यानंतर कापला.