गोण्या रचायला ४ अ‍ॅक्सिस की ६ अ‍ॅक्सिस?

अंबड-सिन्नरकडं पॅलेटायझिंगचा, म्हणजे पॅलेटवर माल रचायचा रोबो घ्यायचं ठरलं की एक प्रश्न हमखास येतो, पैशात फार फरक नसेल तर ६ अ‍ॅक्सिसच का नको, जास्त हालचाली म्हणजे जास्त कामाचा. आमच्या पशुखाद्याच्या प्लांटला दोन्ही आहेत, ६ वाला आधीपासूनचा आणि दुसऱ्या लाइनला मी ४ वाला घेतला, म्हणून लिहितोय.

गोणी पॅलेटवर आडवीच बसते. तिला पुढं-मागं, डावी-उजवी, वर-खाली न्यायचं आणि गरजेप्रमाणं फिरवायचं, झाल्या चार हालचाली. ६ अ‍ॅक्सिसमधल्या उरलेल्या दोन तिला कलती करायला लागतात, आणि गोणी कलती करायचीच नसते.

आता हिशोब बघा. २५ किलोची गोणी, साधारण ६० बाय ४० सेंमी, १२०० बाय १००० मिमीच्या पॅलेटवर थराला ५, असे १० थर. पॅलेटचा मध्य रोबोपासून १.६ मीटरवर धरला तर सगळ्यात लांबच्या गोणीचा मध्य साधारण २ मीटरवर येतो. मग २.४ मीटरचा हात पुरेल असं वाटतं, पण कॅटलॉगमधला रीच, म्हणजे हाताची पोहोच, हा सगळ्यात जास्तीचा आकडा असतो, वरच्या थराला गोणी धरणारा ग्रिपर गोणीसकट रचलेल्या मालावरून न्यावा लागतो, तेवढ्या उंचीवर हात कमी पडतो. आमचा ६ वाला २.६ चा आहे, तोही वर पूर्ण ताणला जायचा म्हणून खाली अर्ध्या मीटरचा स्टँड दिलेला.

आणि तिथंच मला वैताग आला. स्टँडमुळं वरचं भागलं, पण तळाच्या थरात रोबोजवळची गोणी ठेवताना पुढचा हात जवळजवळ सरळ खाली येतो, पाचवा अ‍ॅक्सिस शून्याजवळ जातो, चौथा आणि सहावा एका रेषेत येतात आणि कंट्रोलरला कळत नाही कोणाला किती फिरवायचं, मग चौथा एकदम गर्रकन फिरतो किंवा स्पीडचा अलार्म देऊन रोबो थांबतो. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. पॅलेट लांब सरकवला तर वरचा लांबचा कोपरा हातात येत नाही, स्टँड काढला तर वरचा थर जातो. शेवटी त्या जागांवर स्पीड कमी करून चालवतो. ४ वाल्यात हाताला जोडलेल्या समांतर लिंकच ग्रिपरला आडवा ठेवतात, असं मनगटच नाही, त्यामुळं हा त्रास आम्हाला झालाच नाही.

पेलोडला, म्हणजे रोबोनं उचलायच्या वजनाला, नुसती गोणी मोजू नका, ग्रिपरही मोजा. आमचा फोर्क ग्रिपर ४५ किलोचा, गोणी धरून ७०, एकावेळी दोन उचलायच्या तर ग्रिपरही मोठा लागतो आणि आकडा १२० च्या आसपास जातो. शिवाय ६ अ‍ॅक्सिसला वजन फ्लँजपासून, म्हणजे ग्रिपर बसतो त्या टोकापासून, लांब लटकलं की पेलोड घटतो, तो तक्ता मागून घ्या. ४ वाले मुळातच या कामासाठी बनवलेले, उदाहरणार्थ एबीबीचा आयआरबी ६६० हा १८० किलोला ३.१५ मीटर देतो.

उभे खोके आडवे करायचे असतील, तिरक्या कन्व्हेयरवरून उचलायचं असेल किंवा उद्या लाइन बदलून रोबो दुसऱ्या कामाला लावायचा असेल तर ६ घ्या, तिथं माझं काही म्हणणं नाही. नुसत्या गोण्याच असतील तर मी तरी परत ४ च घेईन. काहीही घेतलं तरी ऑर्डरआधी व्हेंडरला दोनच जागा सिम्युलेशनमध्ये पूर्ण स्पीडला दाखवायला सांगा, तळाच्या थरातली सगळ्यात जवळची गोणी आणि वरच्या थरातली सगळ्यात लांबची.