रिझल्टचं कॅलेंडर आणि माझे ५० हजार

दादरच्या एका हॉलमध्ये डेमो पाहिला आणि महिना २,५०० रुपये भरून अल्गो, म्हणजे आपोआप शेअर घेणारा-विकणारा प्रोग्राम, घेतला. त्या माणसाचं मुख्य आमिष एकच होतं: "काका, कंपनीचा रिझल्ट जवळ आला की आमची सिस्टीम पोझिशन, म्हणजे हातातले शेअर, आपोआप पाव हिश्शावर आणते. कॅलेंडर आम्ही रोज सांभाळतो." बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर सिस्टीम चालवून दाखवलेल्या चाचणीत, प्रत्येक रिझल्टच्या आदल्या दुपारी पोझिशन कमी झालेली दिसत होती. मी भुललो.

जुलै २०२५ मध्ये एका कंपनीचे ८०० शेअर सिस्टीमने धरले होते. बुधवारी, २३ तारखेला ते ९०० ला बंद झाले आणि संध्याकाळी रिझल्ट आला, वाईट. गुरुवारी भाव ८१९ लाच उघडला. माझा स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथे घसरला की आपोआप विकायची सूचना, ८८० चा होता, पण मधल्या भावांना सौदाच झाला नाही आणि माल ८१७ ला गेला. एका रात्रीत ६६,४०० रुपये. ठरल्याप्रमाणे २०० शेअर उरले असते, तर १६,६०० वर भागलं असतं.

फोन केला तर म्हणे, "कंपनीने ऐनवेळी तारीख बदलली." बीएसईच्या साइटवर पाहिलं. बोर्ड मीटिंगची सूचना १७ जुलैलाच आली होती, तारीख तीच. त्याच्या यादीत मात्र ६ ऑगस्ट!

मुलुंडचा माझा पुतण्या प्रोग्रामर आहे. त्याने यादी मागवून गेल्या वर्षीच्या तारखांशी लावली. प्रत्येक तारीख गेल्या वर्षीच्या तारखेत बरोबर ३६४ दिवस मिळवून काढलेली, म्हणजे वारही तोच. या कंपनीचा गेल्या वर्षीचा रिझल्ट ७ ऑगस्टला होता, त्याचा ६ ऑगस्ट झाला. बॅकटेस्टमध्ये मात्र खऱ्या तारखा घातल्या होत्या, निकाल लागून गेल्यानंतरच्या. कागदावर तो कधी चुकणारच नव्हता.

म्हणून असं काही विकत घेताना एवढंच विचारा: प्रत्येक तारखेपुढे ती कधी कळली, हे लिहिलंय का? कंपनीला रिझल्टच्या मीटिंगची सूचना दोन कामाचे दिवस आधी दिली तरी चालते, त्यामुळे आठवड्यातून एकदा ताजी केलेली यादी कुचकामी. आणि जिची तारीख अजून जाहीरच नाही, तिचं सिस्टीम काय करते? पुतण्याने आता माझ्यासाठी सोपा नियम लावलाय. जून तिमाहीचे रिझल्ट १४ ऑगस्टपर्यंत येणं बंधनकारक असतं, तर जुलैच्या मध्यापासून तारीख न कळलेल्या कंपनीत अर्धीच पोझिशन. सूचना आली की मीटिंगच्या आधीच्या दिवशी तीन वाजता पाव, कारण रिझल्ट बाजार चालू असतानाही येऊ शकतो. यात चांगले रिझल्टही हातचे जातात, ते जाऊ देत.

पैसे परत मागितले, तेव्हा त्याने मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं. सेबीचा नोंदणी क्रमांक विचारायचं तर डेमोच्या दिवशी सुचलंच नव्हतं. आता शोधला, तर नाहीच.