कोर्स चांगला, पण मदतीचा फॉर्मच लॉगिनच्या आत: अकाउंट्स-जीएसटी कोर्सचा वापरानंतरचा अनुभव

हा रिव्ह्यू मी उन्हाळ्यातच लिहिणार होते आणि तेव्हा साडेचार स्टार दिले असते. शिकवणं चांगलं आहे, हिंदी-मराठी दोन्ही आहे, जीएसटीचे रिटर्न प्रत्यक्ष भरून दाखवतात. ४,८०० रुपये फी आमच्या घरासाठी कमी नाही, पण वसूल होत होती. तीन भाग, प्रत्येक भागाला वेगळं प्रमाणपत्र. दोन मिळाली होती, तिसरा भाग संपत आला होता. मग पावसाळ्यात फोन हरवला आणि खातं लॉक झालं. कोर्समध्ये काय शिकवतात ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. खातं परत कसं मिळवलं ते लिहिते, कारण मला तेव्हा हे सांगणारं कोणी भेटलं नाही.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. कोर्सच्या ॲपमध्ये लॉगिन फक्त मोबाइल नंबर आणि ओटीपीने. ईमेल 'ऐच्छिक' आहे आणि नोंदणीच्या वेळी तो कोणी भरायलाही सांगत नाही. माझ्या फोनमधलं सिम दादाच्या नावावर होतं. गावात हे घराघरात आहे, सिम एकाच्या आधारवर आणि वापरतं दुसरंच. दादा पुण्याला कंपनीत. फोन गेला म्हणजे सिम गेलं, आणि नवं सिम फक्त ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं. हिंगणघाटच्या दुकानात मी आधार घेऊन गेले तर त्यांनी सरळ परत पाठवलं.

इकडे घरच्या जुन्या फोनवर मी ॲप टाकलं. ओटीपी तर येणार नव्हता, म्हणून खाली 'Continue with Google' होतं ते दाबलं. आत गेले, आणि सगळं कोरं. ना कोर्स, ना टक्केवारी, ना प्रमाणपत्रं. वर 'आता खरेदी करा' असं बटण. अशा वेळी खूप जण घाबरून पुन्हा पैसे भरतात. भरू नका. तुमची प्रगती फोनमध्ये नसते, कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या खात्याच्या क्रमांकाला जोडलेली असते. कोरा पडदा दिसला म्हणजे प्रगती पुसली गेली असं नाही, तुम्ही दुसऱ्याच खात्यात शिरला आहात. गुगलचं बटण दाबलं की ॲप त्या ईमेलवर गुपचूप नवं खातं उघडतं, 'या नावाचं खातं आधीच आहे का' असं विचारतही नाही.

जुनी नोंद जिवंत आहे की नाही हे लॉगिन न करताही कळतं. प्रत्येक प्रमाणपत्रावर एक क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. पहिलं प्रमाणपत्र मी मिळालं तेव्हाच दादाला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. त्याच्याकडून ते परत मागवलं, क्यूआर स्कॅन केला, तर कंपनीचं पान उघडलं आणि त्यावर माझं नाव, कोर्सचं नाव, तारीख सगळं होतं. जीव भांड्यात पडला. ते पान लगेच पीडीएफ करून ठेवलं. कंपनीने खातं पुढे बंद केलं, तर हा दुवाही बंद पडू शकतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा.

त्यानंतर माझा नंबर टाकून ओटीपीसाठी परत परत प्रयत्न झाले आणि लॉक आलं. इथे एक फरक नीट समजून घ्या. 'Too many attempts. Try again later.' असा संदेश असेल तर कुलूप तात्पुरतं असतं, ते आपोआप उघडतं. फक्त मधे मधे हात लावू नये, कारण बऱ्याच ठिकाणी प्रत्येक नव्या प्रयत्नाला वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात. पण 'Your account has been disabled. Contact support.' आलं तर कितीही थांबलात तरी काही होत नाही, आतल्या माणसानेच ते उघडावं लागतं. मला पहिल्यांदा पहिला संदेश होता, नंतर दुसरा आला.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी स्टार कापले ती. 'Contact support' दाबलं की लॉगिनचं पान उघडतं. मदतीचा फॉर्म लॉगिनच्या आत आहे! ज्याचं खातं लॉक आहे त्यानेच आधी लॉगिन करायचं. चॅटचं बटण दाबलं तर तिथेही तेच. व्हिडिओ कसे, सर कसे, किंमत कशी, हे सगळं एका बाजूला. ज्या कंपनीने पैसे घेतले, तिचं दार ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्यासाठीच बंद आहे, ही एक गोष्ट मला अजूनही खटकते. हे कोणी बनवलं आणि कोणी तपासलं, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका. मला एक नंबर सापडला होता. तो माणूस गोड बोलला आणि म्हणाला, स्क्रीन शेअर करणारं ॲप टाका, मी उघडून देतो. मी फोन ठेवला. असं कोणी पैसे नेलेच तर १९३० वर लगेच तक्रार करा.

मार्ग सापडला तो ॲपमध्ये नाही, ब्राउझरमध्ये. कंपनीची वेबसाइट उघडून अगदी तळाशी गेलं की अटी आणि गोपनीयतेच्या पानावर 'Grievance Officer' म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांत या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा असं लिहिलं आहे. कोर्स म्हणजे पैसे देऊन घेतलेली सेवाच, तिलाही हे लागू.

ईमेल लहान ठेवला. नोंदणीचा नंबर, कोर्सचं नाव, खरेदीची तारीख, आणि पैसे भरल्याचा पुरावा. यूपीआय ॲप हरवलेल्या फोनमध्ये होतं, पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये प्रत्येक यूपीआय व्यवहारासमोर १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो टाकला की कंपनीला त्यांच्या बाजूने व्यवहार शोधता येतो. सोबत प्रमाणपत्राचे क्रमांक, ते पीडीएफ आणि लॉकच्या संदेशाचा स्क्रीनशॉट. शेवटी सरळ लिहिलं, 'खातं हटवू नका, प्रगती आणि प्रमाणपत्रांसह उघडून द्या.' हे वाक्य आवर्जून लिहा. दोन खाती दिसली की 'डुप्लिकेट' म्हणून एखादं उडवतात आणि चुकून खरंच उडालं तर मग काही उपाय नाही.

पोच आली, पण पुढे सगळं ठप्प. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला फोन केला. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते कोर्ट नाही, हुकूम देत नाहीत, पण तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात. नोंदणी क्रमांक मिळाला तो मी त्याच ईमेलच्या उत्तरात टाकला. त्यानंतर कंपनीच्या एका बाईंचा स्वतःहून फोन आला. इथून पुढे माझं मत बदलत गेलं, कारण त्या खरोखर नीट बोलल्या.

त्या म्हणाल्या, खातं उघडते, पण ओटीपी जुन्या नंबरवरच जाईल. दादाला फोन लावला, तर तो म्हणाला, "काहून टेन्शन घेऊन राहिली? मी इथूनच सिम काढतो ना." पुणे आणि वर्धा एकाच महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात, म्हणून त्याला पुण्यातच दुकानातून त्याच नंबरचं सिम मिळालं. तो लगेच म्हणाला, "टाक ओटीपी." मी अडवलं. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, फसवणूक टाळायला हा नियम आहे. तेवढ्यात प्रयत्न केला असता तर ओटीपी आलाच नसता आणि लॉक पुन्हा बसलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने पुण्याहून आकडे वाचले, मी इकडे टाकले, आणि दोन्ही प्रमाणपत्रं समोर.

एक अडचण उरली. जुन्या खात्याला ईमेल जोडायला गेले तर 'Email already in use'. तो ईमेल त्या कोऱ्या खात्याने धरून ठेवला होता. एक ईमेल एकाच खात्याला चालतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी जुनं खातं उघडायचं, मग कोऱ्या खात्यातला ईमेल सोडवून घ्यायचा, मग तो जुन्याला जोडून पडताळायचा, आणि कोरं खातं अगदी शेवटी बंद करायचं. बाईंनी फोनवर राहून हे सगळं करून घेतलं.

प्रगती थोडी मागे दिसली. आमच्याकडे गच्चीवर नेट येतं, वावरात येत नाही, म्हणून मी व्हिडिओ उतरवून घेऊन पऱ्हाटीच्या शेतात पाहत असे. असं पाहिलेलं नेट आल्यावरच सर्व्हरला कळतं. जे कळायच्या आत फोन गेला ते गेलं, ते कंपनीही आणू शकत नाही. तेवढे धडे परत पाहिले. पाठवलेल्या असाइनमेंट मात्र सगळ्या होत्या.

आता तिन्ही प्रमाणपत्रं पीडीएफ करून ईमेलवर आहेत आणि डिजिलॉकरमध्येही चढवली आहेत. आपण चढवलेला कागद आणि संस्थेने तिथे जारी केलेला कागद यांची किंमत सारखी नसते. म्हणून जिनिंगमध्ये हिशेबाच्या कामासाठी गेले तेव्हा मॅनेजरांना क्यूआर स्कॅन करूनच दाखवला. त्यांनी स्वतःच्या फोनवर पान उघडून नाव वाचलं आणि पुढचं विचारलं.

एकंदर साडेतीन स्टार. शिकवण्याला साडेचार, त्या बाईंना पाच. मदतीचा फॉर्म लॉगिनच्या बाहेर आणला तर मी हा रिव्ह्यू बदलीन.