सांगली-मिरज मार्गाला कोणती बस: लो-फ्लोअर की हाय-फ्लोअर?

मिरजेच्या दवाखान्यांत जाणारे गुडघेदुखीचे म्हातारे, प्लॅस्टर घातलेले पेशंट, व्हीलचेअरवरची माणसं ज्या बसनं जाणार, ती निवडताना आधी इंजिन कुठं आहे ते बघा. बाकीचं बरंचसं त्यावरच ठरतं.

नेहमीच्या हाय-फ्लोअर बसची चासी ट्रकसारखी असते. इंजिन पुढं, ड्रायव्हरशेजारी. तिथून मागच्या चाकांपर्यंत ती फिरवणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट जातो, म्हणून फ्लोअर त्याच्या वरच ठेवावा लागतो, जमिनीपासून साधारण ९०० मिलिमीटर किंवा जास्तच. म्हणजे दारात दोन-तीन पायऱ्या आल्या. पुढं इंजिनानं जागा खाल्लेली असल्यानं तिथलं दारही बहुधा अरुंद राहतं.

लो-फ्लोअरमध्ये इंजिन मागं जातं, शाफ्ट आखूड होतो आणि पुढचा भाग मोकळा सुटतो. फ्लोअर सुमारे ४०० मिलिमीटरवर येतो. पुढच्या दारानं चढायचं, दोन्ही चाकांच्या मधल्या रुंद दारानं उतरायचं. व्हीलचेअरची ये-जाही त्याच मधल्या दारानं. मात्र बऱ्याच बसमध्ये मधल्या दाराच्या मागं पुन्हा पायऱ्या असतात, कारण खाली इंजिन आणि ॲक्सल असतात. मागच्या सीटवर जाणाऱ्याला चढावंच लागतं. इलेक्ट्रिक बस आपोआप लो-फ्लोअर असेल असंही धरून चालू नका. बॅटऱ्या फ्लोअरखाली बसवल्या की तीही उंचच होते.

आता व्हीलचेअरचा हिशेब. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली बस स्टॉपवर हवा सोडून एका बाजूला झुकते. समजा ती ७० मिलिमीटर खाली आली, तर फ्लोअर ३३० वर. फुटपाथ १५० मिलिमीटरचा असेल तर फरक उरला १८०, आणि मीटरभर लांबीच्या रॅम्पला साडेपाचास एक असा चढ. मागून कुणी हात दिला की खुर्ची आत जाते. पण स्टॉपसमोर मोटारसायकली लावलेल्या असल्या आणि बस रस्त्याच्या मध्येच थांबली, तर तोच चढ तिनास एक होतो. मग खुर्ची उचलूनच घ्यावी लागते. तरीही हाय-फ्लोअरपेक्षा बरं, कारण ९०० मिलिमीटरला एवढासा रॅम्प पुरतच नाही, हायड्रॉलिक लिफ्ट लागते.

लो-फ्लोअरची दुखरी बाजू म्हणजे पोट. बेढब स्पीडब्रेकर आणि पावसात साचलेलं पाणी तिला सोसत नाही, एअर सस्पेन्शनची देखभालही नीट हवी. कृष्णेला पूर आला की सखल भागात पाणी शिरतं, तिथं तर ती नेऊच नये.

माझं मत विचाराल तर सांगली-मिरज मुख्य रस्त्याला लो-फ्लोअर आणि आतल्या खेड्यांच्या कच्च्या वाटांना हाय-फ्लोअर. ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन प्रत्येक स्टॉपवर फुटपाथची उंची मोजा आणि मधलं दार त्याला लागून थांबू शकतं का ते बघा.